परवानगीचा अर्ज आणि राडारोड्याचा हिशेब

आपल्याच घरातील मोरीची फरशी बदलण्यासाठी दुसऱ्याच्या दारी अर्ज घेऊन उभे राहावे लागावे, ही गोष्ट ज्या माणसाने आयुष्याची कमाई ओतून ते घर घेतले त्याला अपमानास्पद वाटावी, यात अस्वाभाविक असे काही नाही. त्याच्यापाशी नोंदणीकृत दस्तऐवज असतो, भाग दाखला असतो, वीजबिलावर त्याचेच नाव असते. आणि तरीही गृहनिर्माण संस्थेचा सचिव, जो एरवी त्याच्यासारखाच एक सदनिकाधारक आहे आणि ज्याला या कामाचा छदामही मिळत नाही, तो म्हणतो की कामाची तारीख, वेळ आणि राडारोड्याची व्यवस्था लिहून द्या, समितीची लेखी परवानगी घ्या आणि मगच पहिला हातोडा पडू द्या. या मागणीकडे अधिकाराचा तोरा म्हणून पाहण्याची सवय आपल्या संस्थांत इतकी रुळली आहे, की परवानगी मागणारा ती नाइलाजाने चार ओळींत मागतो आणि देणारा ती उपकार केल्याच्या आविर्भावात दोन ओळींत देतो. आणि त्या सहा ओळींमध्ये ज्याविषयी पुढे भांडण होणार असते ते सोडून बाकी सर्व काही लिहिलेले असते.

माझे म्हणणे असे की, हा अर्ज याचना नव्हे, तो करार आहे. आणि करार म्हणून त्याची किंमत त्यातील नम्रतेच्या शब्दांवर ठरत नाही, तर ज्या गोष्टी मोजता येतात त्या त्यात किती मोजून दिल्या आहेत यावर ठरते.

प्रथम कायद्याचा प्रश्न. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत आणि जे बहुतेक संस्थांनी स्वीकारले आहेत, त्यांत स्पष्ट तरतूद आहे की समितीच्या पूर्व लेखी परवानगीवाचून कोणत्याही सभासदाने आपल्या सदनिकेत भर घालू नये वा फेरबदल करू नयेत, आणि ज्याला तसे करावयाचे असेल त्याने सर्व तपशिलासह सचिवाकडे अर्ज करावा. येथे एक भेद पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. अर्ज सचिवाकडे जातो, पण मंजुरी देते ती समिती. सचिव हा त्या मंजुरीचा दप्तरदार आहे. तो अर्ज स्वीकारतो, पोच देतो, सभेपुढे ठेवतो आणि ठराव झाल्यावर तो कळवतो. जिन्यात भेटलेल्या सचिवाने ‘करा हो, काय हरकत आहे’ असे म्हटले म्हणून काम सुरू करणारा सभासद आणि समितीला न विचारता स्वतःच्याच जबाबदारीवर ‘चालणार नाही’ असे बजावणारा सचिव, हे दोघेही एकच चूक करतात; दोघेही एका व्यक्तीला संस्था समजतात. जिन्यातील होकाराची आणखी एक अडचण अशी की, तो देणारा सचिव पुढल्या निवडणुकीत बदलतो आणि नव्या सचिवाच्या दप्तरात त्या होकाराचा मागमूस नसतो.

यावर एक प्रतिवाद हमखास होतो, आणि तो पोकळ नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 हा कायदाच जेव्हा इमारतीच्या केवळ अंतर्भागापुरत्या आणि बाह्यस्वरूपात लक्षणीय फरक न करणाऱ्या कामांना विकास परवानगीतून सूट देतो, तेव्हा महापालिका जे विचारत नाही ते संस्थेने का विचारावे? उत्तर असे की, नगररचनेची दृष्टी इमारतीकडे रस्त्यावरून पाहते आणि संस्थेची दृष्टी तिच्याकडे आतून पाहते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तिसऱ्या मजल्यावरची मोरी दिसत नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला ती आपल्या छतावर दिसते. सभासदाची फरशी ही खालच्याचे छत असते, त्याच्या मोरीचा नळ ज्या उभ्या नळाला मिळतो तो सर्वांचा असतो, आणि तुळया, खांब व बाहेरच्या भिंती यांची विभागणी कोणाच्याही दस्तऐवजात झालेली नसते. माणूस विकत घेतो ती चार भिंतींमधली पोकळी; त्या पोकळीला धरून ठेवणारा सांगाडा सामाईक राहतो. म्हणून कायद्याने जेथे हात आखडता घेतला तेथे उपविधींनी तो पुढे केला आहे, आणि तसे करण्याचे कारण आहे.

हे कारण किती गंभीर ठरू शकते ते मुंबईने पाहिले आहे. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरमधील सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात आधाराच्या खांबांना हात लावला गेला, असा आरोप त्यानंतर झाला. प्रत्येक मोरीच्या दुरुस्तीवर या घटनेची छाया पाडावी असे मी म्हणत नाही. तसे करणारे सचिव भीतीचा उपयोग लगाम म्हणून करतात. परंतु सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत विटांची आतली भिंत काढणे आणि जुन्या, भिंतींवर भार पेलणाऱ्या इमारतीत तशीच दिसणारी भिंत काढणे, यांतील अंतर गवंड्याच्या डोळ्यांना कळतेच असे नाही. भिंत काढावयाची, ओटा दुसरीकडे न्यावयाचा किंवा मोरी हलवावयाची असेल, तर अर्जासोबत संरचना अभियंत्याचे पत्र जोडावे. केवळ लाद्या, नळ आणि ओट्याचा दगड बदलावयाचा असेल, तर तसे स्पष्ट लिहून द्यावे की खांब, तुळई व स्लॅब यांना छिन्नी लागणार नाही, आणि नळासाठी झिरी मारावयाची ती विटांच्या भिंतीतच मारली जाईल. दुसरे वाक्य फुकट लिहिता येते, आणि ते लिहिले म्हणजे मालक ते गवंड्याला वाचून दाखवतो, हा त्याचा खरा लाभ.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. मुंबईच्या उपनगरातली, पस्तीसेक वर्षांची, पाच मजल्यांची, एका लहानशा लिफ्टची इमारत घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद स्वयंपाकघराची फरशी व ओटा बदलावयाचा आहे, आणि सात फूट लांब, चार फूट रुंद अशी मोरी, जिच्यातून खालच्या मजल्यावर ओल उतरते, ती मुळापासून नवी करावयाची आहे. अशा कुटुंबाचा अर्ज सामान्यतः असा असतो: ‘आमच्या सदनिकेत किरकोळ दुरुस्तीचे काम करावयाचे असून त्यास परवानगी मिळावी ही विनंती.’ या वाक्यातील ‘किरकोळ’ हा शब्द सर्व कलहाचे मूळ आहे. कारण कोणाला काय किरकोळ वाटावे हे प्रत्येकाने आपापल्या छताकडे पाहून ठरवावयाचे असते.

तारखांपासून सुरुवात करू. काम ‘सुमारे महिनाभर’ चालेल असे सांगितले, की शेजारी त्याचा अर्थ महिनाभर ठणठणाट असा घेतो आणि पहिल्या दिवसापासून वैतागतो. वास्तविक या कामात खरा असह्य आवाज तीन-चार दिवसांचाच असतो. उरलेला काळ जातो तो ओलाव्याला वाळू देण्यात, पाणी धरून पाहण्यात आणि लाद्या बसवण्यात. म्हणून एका मुदतीऐवजी टप्पे द्यावेत. सोमवार, 4 मे ते गुरुवार, 7 मे हे तोडफोडीचे आणि राडारोडा हलवण्याचे दिवस. 8 मेपासून मोरीचा उघडा पडलेला स्लॅब साफ करणे, भेगा भरणे आणि त्यावर जलरोधक लेप देऊन तो वाळू देणे. शनिवार, 16 मे रोजी सायंकाळी त्या खोलगट भागात पाणी भरून ठेवणे आणि सोमवार, 18 मे रोजी सायंकाळपर्यंत ते हलू न देणे. हे अठ्ठेचाळीस तास रविवारवर पडावेत अशी योजना केली, की सुटीचा दिवस शांत जातो आणि कामाचाही एक दिवस वाया जात नाही. त्या सोमवारी खालच्या शेजाऱ्यासह त्याचे छत पाहावयाचे. ओल उतरली नसेल तर 19 ते 26 मे या काळात नळ टाकणे, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरणे आणि वर दुसरा लेप. त्यानंतर 4 जूनपर्यंत लाद्या. 5 आणि 6 जूनला ओटा व जोडण्या. मुंबईत पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणून ही मुदत ओलांडली तर काय हे आधीच लिहावे: आठ दिवसांपर्यंतची मुदतवाढ सचिवांना लेखी कळवून, त्याहून अधिक हवी असेल तर समितीकडून.

या वेळापत्रकात पाण्याच्या चाचणीला मी जी जागा दिली ती हेतुपुरस्सर आहे. मोरी नवी करून घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक लाद्या बसवण्यापूर्वी स्लॅबवर पाणी धरून पाहतात. ठेकेदाराला घाई असते, आणि मालकाला सांगितले जाते की आजकालची रसायने हमखास असतात. चूक असेल तर ती दोन-चार महिन्यांनी खालच्या छतावर पिवळसर डागाच्या रूपाने प्रकटते आणि तोवर ठेकेदाराचे पैसे दिलेले असतात. संस्थेच्या लेखी परवानगीत ही चाचणी एक शर्त म्हणून आली, तर मालकाला ठेकेदाराशी वाद घालावा लागत नाही. ‘समितीची अट आहे’ एवढे सांगणे पुरते. संस्था सभासदाच्या उपयोगी पडते ती अशी. याच अंगाने कामापूर्वी खालच्या आणि बाजूच्या शेजाऱ्यांच्या छताची व भिंतींची पाहणी करून असलेल्या भेगा व डाग यांची छायाचित्रे तारखेसह काढावीत आणि दोघांच्या सह्या घेऊन अर्जाला जोडावीत. जुनी भेग कोणती आणि नवी कोणती, हा वाद यानंतर होत नाही, कारण वाद करण्यासारखे काही उरत नाही.

तासांच्या बाबतीत संस्थांची प्रथा मला ढोबळ वाटते. सकाळी दहा ते सायंकाळी सहा, मध्ये दुपारची सुटी, रविवारी बंद, असा एकच नियम सर्व कामांना लावला जातो. जणू काही लाद्यांच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरणाऱ्या माणसाचा आणि ब्रेकर चालवणाऱ्या माणसाचा आवाज एकच आहे. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम 2000 सालचे आहेत. त्यांत रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागातील मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल. हे आकडे पाठ करून शेजाऱ्याला ऐकवणारे सभासद मी पाहिले आहेत, पण त्याने काही साधत नाही. कारण ब्रेकरचा आवाज शेजारच्या खोलीत दिवसाची मर्यादाही सहज ओलांडतो, आणि दुपारी दोन वाजता झोपलेल्या तान्ह्या मुलाला कायदा दिवस म्हणतो की रात्र याच्याशी कर्तव्य नसते. म्हणून अर्जात आवाजाची वर्गवारी करावी. ब्रेकर व हातोडा सकाळी दहा ते साडेबारा आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच; लादी कापण्याचे यंत्र याच वेळांत आणि शक्य तर गच्चीवर नेऊन; बाकीचे हातचे काम सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेसहा. अशा भेदाने मालकाचेही हित होते. ज्या कामाचा कोणाला त्रास नाही त्याला मोकळा वेळ मिळतो आणि एकूण मुदत आखडते. खालच्या मजल्यावर कोणाची परीक्षा असेल, कोणी आजारी असेल, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा असेल, तर ते आधी विचारून घेऊन त्याप्रमाणे तोडफोडीचे तीन दिवस मागेपुढे करावेत. हे माहीत करून घेण्यासाठी दोन दारांवर जावे लागते, आणि आपल्या संस्थांत सभासद पत्र पाठवावयास तयार असतो, पण दारावर जावयास नसतो, हेही खरे.

आता राडारोडा. अर्जाच्या तीन अंगांपैकी हेच अंग सर्वांत अधिक उपेक्षित आहे, आणि माझ्या मते हेच अर्जाच्या खरेपणाची कसोटी आहे. कारण तारखा लांबतात, तास सैल होतात, पण राडारोड्याला वजन असते आणि तो कोठेतरी असावाच लागतो. ‘डेब्रिजची व्यवस्था आम्ही करू’ या वाक्यावर संस्था समाधान मानतात, आणि पुढे आठवडाभर जिन्याखाली गोण्यांचा ढीग पाहून संतापतात. हिशेब करणे अवघड नाही. स्वयंपाकघराची 80 चौरस फुटांची जुनी फरशी तिच्या खालच्या मसाल्यासह सुमारे सात सेंटीमीटर जाड धरली, तर तिचे वजन एक टनाच्या आसपास भरते. मोरीच्या 28 चौरस फुटांत फूटभर खोल भरलेला जुना वीटकोबा सव्वा टनाच्या घरात जातो. मोरीच्या भिंतींवरील लाद्या आणि त्यांच्यामागचे सिमेंट यांचे पाऊण टन. ओट्याचा कडाप्पा, त्यामागच्या लाद्या आणि इतर फुटतूट मिळवली, की साडेतीन टनांपर्यंत आकडा येतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत मजुराला उचलता येईल इतका, म्हणजे पस्तीसेक किलो, माल भरला तर या एका लहानशा कामाच्या शंभर गोण्या होतात. मालकाने आपल्या मनात धरलेल्या असतात वीस-पंचवीस.

या शंभर गोण्यांचा पहिला परिणाम लिफ्टवर होतो. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता 408 किलो असते. एक मजूर आणि आठ गोण्या यांचे वजन साडेतीनशेच्या आत राहते, म्हणजे तेरा फेऱ्या. मजूर मात्र फेऱ्या वाचवण्यासाठी बारा गोण्या कोंबतो, लिफ्ट अडकते आणि दुसऱ्या दिवशी सबंध इमारत जिना चढते. म्हणून अर्जात एका फेरीत आठच गोण्या, लिफ्टच्या तळाला व भिंतींना प्लायवुडचे आच्छादन, आणि फेऱ्या दुपारी बारा ते तीन या कमी वर्दळीच्या वेळात, असे लिहून द्यावे. आपल्या लिफ्टची क्षमता दारावरच्या पट्टीवर वाचून मगच आकडा घालावा.

दुसरा परिणाम स्लॅबवर, आणि तो कोणाच्याही ध्यानात येत नाही. निवासी खोल्यांचे स्लॅब सामान्यतः प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापरभार धरून आखलेले असतात. शंभर गोण्या दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात, तीन चौरस मीटर जागेत रचल्या, तर तेथे प्रत्येक चौरस मीटरवर अकराशे-बाराशे किलो येतात, म्हणजे आखलेल्या भाराच्या जवळजवळ सहापट. नव्या इमारतीत सुरक्षिततेची जी शिल्लक ठेवलेली असते तिच्यावर हे कदाचित निभावते. पस्तीस वर्षांच्या, गंजलेल्या सळयांच्या स्लॅबवर ते निभावेलच असे मानण्याचे धाडस मी करणार नाही. गोण्या आडव्या आणि एकाच थरात ठेवल्या तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दोनशे किलो होतात, म्हणजे मर्यादेला नेमके टेकतात. यावरून नियम आपोआप निघतो: थरावर थर नको, आणि दुपारपर्यंत जमलेला राडारोडा त्याच दुपारी खाली. चार दिवसांत रोज पंचवीस गोण्या उतरवणे दोन मजुरांना जड नाही.

खाली उतरल्यावर त्या कोठे जातात, हा तिसरा प्रश्न, आणि येथे बहुतेकांची नजर इमारतीच्या फाटकाशी थांबते. 2016 सालच्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याविषयीच्या केंद्रीय नियमांनी सामान्य गृहस्थावरही हे कर्तव्य घातले की राडारोडा वेगळा ठेवावा, रस्त्यावर वा गटारात टाकू नये आणि स्थानिक संस्थेने नेमलेल्या केंद्रावर द्यावा. मुंबई महापालिकेने तर ‘डेब्रिज ऑन कॉल’ नावाची सशुल्क सोय कित्येक वर्षांपासून ठेवली आहे. तरीही ठेकेदार जेव्हा राडारोडा नेण्याचे अगदीच कमी पैसे सांगतो, तेव्हा त्याचा टेंपो रात्री खाडीकाठच्या कांदळवनाकडे किंवा एखाद्या उघड्या भूखंडाकडे वळणार, असा तर्क करावा. त्यात अन्याय होण्याचा संभव कमी. दोन-अडीच टनांच्या मध्यम टेंपोच्या या कामाला दोन खेपा लागतात. अर्जात टेंपोच्या खेपांच्या तारखा द्याव्यात, आणि प्रत्येक खेपेची केंद्रावरील पावती सचिवाकडे जमा करण्याची हमी द्यावी. पावती मागणारा सचिव एरवी चिकित्सक म्हणून बदनाम होतो. मला तो संस्थेचा उपकारकर्ता वाटतो. याच ओघात एक बारीक गोष्ट: गवंडी घमेली आणि थापी मोरीच्या जाळीवर धुतात, सिमेंटचे ते पाणी उभ्या नळात जाऊन घट्ट बसते आणि महिन्याभराने सर्वांत खालच्या मजल्यावर घाण उलटते. धुण्याचे पाणी पिंपात धरावे, गाळ बसू द्यावा आणि गाळ गोणीत भरावा.

एवढे झाल्यावर अर्जाचा मजकूर लांब करण्याची गरज राहत नाही. दीड पानात तो बसतो. त्याचा गाभा साधारणतः असा असावा:

‘मा. सचिव यांस, स. न. वि. वि. सदनिका क्र. (अमुक) मधील स्वयंपाकघराची फरशी व ओटा बदलणे आणि मोरीचे जलरोधन व लाद्यांचे काम करण्यास समितीची लेखी परवानगी मिळावी. या कामात खांब, तुळई, स्लॅब, बाहेरील भिंत वा सामाईक नळ यांत कोणताही बदल होणार नाही. काम 4 मे ते 6 जून या काळात, सोबत जोडलेल्या टप्प्यांप्रमाणे होईल. तोडफोड 4 ते 6 मे, दररोज फक्त 10 ते 12:30 व 3:30 ते 5:30. रविवारी काम बंद राहील. राडारोडा अंदाजे साडेतीन टन, म्हणजे सुमारे 100 गोण्या. तो दररोज खाली आणून 5 व 7 मे रोजी दोन खेपांत नेला जाईल आणि पावत्या आपणाकडे दिल्या जातील. तोवर गोण्या मागील फाटकाजवळ, वाहने व अग्निशमनाचा मार्ग मोकळा ठेवून, झाकून ठेवण्यास जागा दाखवावी. 18 मे रोजी सायंकाळी खालील सदनिकेच्या छताची पाहणी करण्यास समितीने प्रतिनिधी पाठवावा. काही नुकसान झाल्यास ते स्वखर्चाने दुरुस्त करून देईन. कृपया पोच व निर्णय लेखी कळवावा.’

या मजकुरातील शेवटच्या दोन वाक्यांपूर्वीची दोन वाक्ये संस्थेवरही काही बंधन घालतात: जागा दाखवा, प्रतिनिधी पाठवा. करार एकतर्फी नसतो. समितीलाही आपली बाजू लेखी द्यावी लागते, आणि तेथेच पुष्कळ समित्यांची परीक्षा होते. अर्ज घ्यावयाचा, पोच द्यावयाची नाही, सभा कधी भरेल ते सांगावयाचे नाही आणि मग दुरुस्तीला ‘देणगी’ अशी एक परत न मिळणारी रक्कम सुचवावयाची, ही रीत मी एकाहून अधिक संस्थांत पाहिली आहे. लिफ्टचे व जिन्याचे नुकसान भरून निघावे म्हणून परत मिळणारी अनामत रक्कम, सर्वांना सारखी, सर्वसाधारण सभेच्या ठरावाने ठरलेली आणि पावती देऊन घेतलेली, ही समजण्यासारखी गोष्ट आहे. सभासद पाहून आकडा बदलत असेल, किंवा रकमेला पावती नसेल, तर त्याला अनामत म्हणता येणार नाही. तसेच लादीचा रंग, गवंडी कोणता, प्लंबर संस्थेचाच का नाही, हे समितीच्या अधिकारकक्षेतले प्रश्न नव्हेत; आणि मोरी बेडरूमवर आणू नये, डक्टमध्ये नवी खिडकी काढू नये, बाल्कनीत जड भिंत उभारू नये, हे नक्कीच त्या कक्षेतले आहेत. नकार द्यावयाचा तर कोणत्या कारणासाठी, हे समितीने लिहावे. कारण लिहिलेला नकार सभासदाला पटण्याची शक्यता असते. निदान निबंधकाकडे नेण्याजोगा तरी तो असतो.

काम संपल्यावर बहुतेक सभासद हा सर्व कागदव्यवहार विसरतात, आणि त्यात त्यांचेच नुकसान आहे. 6 जूननंतर एक दोन ओळींचे पत्र द्यावे की काम अमुक तारखेस पूर्ण झाले, राडारोड्याच्या पावत्या जमा केल्या आहेत, अनामत परत मिळावी. आणि समितीने ते इतिवृत्तात नोंदवावे. पुढे हीच सदनिका विकावयाची वेळ आली, की खरीददाराचा वकील किंवा बँक झालेल्या फेरबदलांना संस्थेची मंजुरी होती का असे विचारते, आणि त्या वेळी सचिव तिसराच कोणी असतो, समिती नवी असते, गवंडी गावी गेलेला असतो. अर्जाची पोच असलेली प्रत, समितीचे मंजुरीपत्र आणि पूर्णतेचे पत्र, हे तीन कागद भाग दाखल्याच्या फाइलमध्येच ठेवावेत.